तीनशे अडुसष्टचा हिशोब

आमची आक्का गेली त्याला चार दिवस झाले होते, आणि तिचा मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता.

भाचा ऑडिटर आहे. माणूस गेलं की कुणी रडतं, कुणी झोपा काढतं, हा तपासत सुटला. चार दिवसांत त्याने विजेची बिलं तपासली, औषधांची तपासली, उरलेल्या गोळ्यासुद्धा मोजल्या. चेहरा असा, की टाचणी टोचली तरी "पावती कुठाय?" म्हणेल. मी त्याचा मामा. घरात मी आलो की लोक आधी खुर्ची तपासून बसतात, इतकी माझ्या खोड्यांची ख्याती. त्या दिवशी मात्र कुणीही बिनधास्त बसावं अशी माझी अवस्था होती. काही सुचतच नव्हतं.

"मामा, तू कॅब चालवतोस ना? हे बघ जरा," त्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

समोर मावशी उभ्या होत्या. आक्काला सांभाळायला एजन्सीकडून आलेल्या. दीड वर्ष आक्काचं सगळं त्यांनीच केलं. आक्का गेली त्या दिवशी तिला धाप लागली तेव्हा यांनीच गाडी बोलावून हॉस्पिटलला नेलं, पैसे स्वतःच्या मोबाइलवरून भरले. आता घर सोडताना खर्चाचा स्क्रीनशॉट दिला होता. भाच्याने खर्च मान्य केला की एजन्सी हिशोब पुरा करणार. अमान्य केला, तर मावशींच्या नावापुढे 'हिशोबात गडबड' असा शेरा, आणि असा शेरा असलेल्या बाईला कोण घरात घेतंय?

"तीनशे अडुसष्ट लावलेत," भाचा म्हणाला. आवाज एकदम सपाट. "मी आत्ता अ‍ॅपमध्ये टाकून बघितलं. हाच दरवाजा, तेच हॉस्पिटल. दोनशे दहा दाखवतंय."

"दादा, मी एक पैसा वर लावला नाही," मावशी म्हणाल्या.

"मी बोललो का तसं? मी आकडा विचारतोय."

"वा रे वा," मी म्हटलं, "पोलीस पण असंच म्हणतात." कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

मी चष्मा लावला. "ही गाडी किती वाजताची आहे?"

"सहाची. संध्याकाळची."

"आणि तू आत्ता अ‍ॅप कधी उघडलंस? दुपारी अडीचला. अरे शहाण्या, सहाला ऑफिसं सुटतात. गाड्या कमी, गिऱ्हाइकं जास्त. तेव्हा अ‍ॅप भाड्याला गुणतं. हे बघ काय लिहिलंय, सर्ज एक पूर्णांक सहा. म्हणजे भाड्याच्या एक पूर्णांक सहा पट. बुक करताना जो पट ठरला तोच शेवटपर्यंत. आम्ही ड्रायव्हर त्या वेळेची वाटच बघत असतो, घरी बायको शिव्या घालते तरी."

"सर्ज मी धरला. दोनशे दहा गुणिले एक पूर्णांक सहा, तीनशे छत्तीस." त्याने कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला. "बत्तीस कुठून आले?"

खरा ऑडिटर. बत्तीस रुपये उराशी धरून बसला होता.

"खालून वर नको, वरून खाली वाच. मूळ भाडं चाळीस. अंतर आठ किलोमीटर, बाराने, शहाण्णव. वेळ बत्तीस मिनिटं, दोनने, चौसष्ट. किती?"

"दोनशे."

"सर्ज लागतो फक्त या दोनशेला. वर एकशे वीस. झाले तीनशे वीस. आता ही पुढची ओळ बघ, वेटिंग, तीस. ही या अ‍ॅपमध्ये सर्जने गुणत नाहीत, वेगळी मिळवतात. तीनशे पन्नास. टॅक्स शेवटी, पाच टक्के, सगळ्या बेरजेवर. साडेसतरा. तीनशे साडेसदुसष्ट, पन्नास पैसे राउंड करून अडुसष्ट. तुझे दोनशे दहा म्हणजे दोनशे अधिक त्यांचा टॅक्स. त्यात वेटिंग नाही. गाडी उभीच राहिली नाही तर कुठून येणार?"

त्याने पुन्हा आकडे दाबले. एकदा, दोनदा. "तीस, त्यावर टॅक्स दीड, पन्नास पैसे राउंड. बत्तीस."

"बघ. स्क्रीनशॉट खोटा करायचा तर बेरीज इतकी चोख कोण जुळवेल? मावशींना ते जमत असतं तर तुझ्याआधी त्या ऑडिटर झाल्या असत्या."

मावशींनी श्वास सोडला. मला वाटलं झालं, उठावं, चहा टाकावा. पण भाच्याचं बोट वेटिंगच्या ओळीवरून हललंच नाही.

"तीन रुपये मिनिटाला?"

"हो. दहा मिनिटांचे."

"दहा मिनिटं गाडी उभी होती?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण धंद्यातली गोष्ट आली की माझी जीभ आधी धावते. "चौदा. ड्रायव्हरने 'पोहोचलो' दाबलं की घड्याळ सुरू. पहिली चार मिनिटं फुकट, पुढे मीटर."

"चौदा मिनिटं," तो म्हणाला. "आईला धाप लागलेली, आणि गाडी खाली चौदा मिनिटं. का?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मावशी, मी विचारतोय."

"फोन लावत होते."

"कुणाला?"

त्यांनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. त्यावर एकाच नंबरवर सात कॉल. पहिला पाच पंचावन्नला, शेवटचा सहा वाजून आठला.

"एजन्सीचा नियम आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही. मग शेवटी न विचारताच नेलं. म्हटलं, एजन्सीने कामावरून काढलं तर काढू दे."

भाच्याने तो मोबाइल हातात घेतला नाही. स्वतःचाही नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर खांदा खुर्चीच्या पाठीसारखा लागला.

"मीटिंगमध्ये होतो," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. एजन्सीची सुपरवायझर. मावशींनी स्पीकरवर लावला.

"सर, खर्च मान्य आहे का? तीनशे अडुसष्ट."

"मान्य."

"त्यात वेटिंग दिसतंय. ते कशामुळे? पेशंट हलवायला आमच्या बाईने उशीर केला का?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी भाच्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "मी फोन उचलला नाही."

"म्हणजे 'कुटुंबाकडून विलंब', असं लिहू?"

"लिहा."

"आणि परवानगीशिवाय पेशंट हलवला, त्याबद्दल काही तक्रार?"

"नाही. त्यांनी मला फोनच करायला नको होता. सरळ न्यायला हवं होतं. हेही लिहा."

"एवढं बसत नाही सर, रकाना छोटा आहे," ती म्हणाली. टाइप केल्याचा आवाज आला. "'तक्रार नाही' एवढं टाकते. मावशी, उद्या सकाळी सातला नवीन पेशंट आहे, पत्ता पाठवते."

"बरं मॅडम," मावशी म्हणाल्या.

भाच्याने तीनशे अडुसष्ट पाठवले. मावशींच्या मोबाइलमध्ये टिंग वाजलं. त्याने कॅल्क्युलेटर पुसून शून्य केला.

"मामा," तो म्हणाला, "चौदा मिनिटांत तू किती लांब जातोस?"

"सहा वाजता?"

"हो."

"साडेतीन किलोमीटर," मी म्हटलं. हॉस्पिटल आठ किलोमीटरवर. थोडं कमी, खोटं सांगायला माझं काही गेलं नसतं.