देण्याची तारीख

नव्या शाळेला प्रितमचं लसीचं कार्ड मराठीत हवं होतं. कार्ड सुरतेचं, सगळं गुजरातीत. तेही दिराने पाठवलेला फोटो. त्यात प्रितमच्या जुळ्या बहिणीचं, स्नेहलचं कार्डही आलं होतं. स्नेहल गेल्या वर्षी गोवराने गेली. "मेलीने नुसतं पाणी टोचलं," म्हणत त्यांची आई वैजयंता वर्षभर सुरतेच्या नर्सला शिव्याशाप देत होती.

इंद्रलोक सोसायटीतल्या शेजारीण रमिलाबेन वाचून मराठीत उतरवत होत्या. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणीचे तीन डोस.

"ओरी म्हणजे तुमचा गोवर. नववा महिना. पहिला रकाना देण्याच्या तारखेचा, दुसरा दिल्याच्या तारखेचा. प्रितमला दिलीय."

"स्नेहललाही दिलीय. ही काय तारीख!" वैजयंताने बोट ठेवलं. गुजरातीतले आकडे तेवढे तिला कळत.

"ती देण्याची. पुढचा रकाना कोरा आहे."

त्या तारखेला स्नेहल तापाने फणफणली होती. ताप उतरला की आणा, असं नर्सनेच बजावलं होतं. मग ते राहूनच गेलं. पुढे कधीतरी कार्डावर तारीख दिसली आणि वैजयंता निर्धास्त झाली.

"हिचंही उतरवू?" रमिलाबेननी हळूच विचारलं.

"नको," वैजयंता म्हणाली. "शाळेला एकाचंच लागतं."