दोन तृतीयांश कशाचे

साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात मामांनी पाइलच्या, म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल घातलेल्या खांबाच्या, चाचणीचा अहवाल सहीसाठी माझ्यापुढे ढकलला. शेवटी लिहिलं होतं, सुरक्षित भार १२० टन. माझं डोकंच फिरलं.

"हा आकडा कुठून काढलात?"

"एकशे ऐंशी टनांना पाइल साठ मिलिमीटर खचला. व्यासाचे दहा टक्के. त्या भाराचे दोन तृतीयांश."

"त्या भाराचा निम्मा घ्यायचा, मामा. नव्वद. दोन तृतीयांश घ्यायचे ते पाइल बारा मिलिमीटर खचताना जो भार होता त्याचे. तो होता एकशे वीस, त्याचे दोन तृतीयांश ऐंशी. दोन्हींतला कमी तो सुरक्षित, हे तुम्हीच शिकवलंत मला. तुम्ही लिहिलेल्या भाराला पाइल बारा मिलिमीटर खाली गेलाय, आणि त्यावर इमारत उभी करणार?"

"ऐंशी धरले तर दीडपट पाइल लागतील. मालकाला काय सांगू?"

म्हणजे चूक नव्हती ती. मामांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. सहीच्या जागेखाली माझं नाव आधीच छापलेलं होतं.

मी १२० वर काट मारली, ८० लिहिलं आणि सही ठोकली.

"लावा मालकाला फोन," मी म्हणाले. "आणि माझं नाव पुन्हा कुठे छापायचं असेल, तर आधी मला विचारायचं."