दोरी कधी सोडायची

मला एखादी कल्पना सुचली की माझी झोप उडते, भूक मरते आणि समोर जो सापडेल त्याला ती ऐकावीच लागते. घरात ताई सापडते. ती माझी मोठी बहीण, तलावावर पोहायला शिकवते आणि अजून मला "अरे मास्तर" अशीच हाक मारते.

त्या दिवशी मात्र मी शाळेतून तणतणतच घरी आलो. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सातवीच्या चाचणीचे पेपर समोर ठेवले होते. व्याकरणातल्या प्रयोगांच्या प्रश्नात वर्गातल्या निम्म्या पोरांची पाटी कोरी होती. बाई म्हणाल्या, "पुढचा आठवडा सोडून त्यापुढच्या शुक्रवारी मी स्वतः वर्गात येऊन दहा वाक्यं विचारीन. आली तर ठीक. नाही तर व्याकरणाचा तास शेजारच्या तुकडीच्या बाईंकडे देते. त्यांचं पाठांतर पक्कं असतं."

पाठांतर! या पोरांना मी पाचवीपासून शिकवतोय. कोण खोटं हसतं, कोण उपाशी येतं, मला सगळं माहीत. माझ्या वर्गात कुणी उभं राहून व्याख्या घोकून घेणार, हे ऐकूनच माझं डोकं सणकलं.

"बघच तू ताई," मी म्हणालो, "व्याकरण असं शिकवतो की पोरं म्हातारी झाली तरी विसरणार नाहीत!"

"जेव आधी," ताई म्हणाली.

रविवारभर मी वहीत कल्पना लिहीत बसलो. काय एकेक कल्पना होत्या म्हणून सांगू! सोमवारी दोरी. तीन पोरं तीन शब्द होऊन उभी राहिली: कर्ता, कर्म आणि क्रियापद. 'मुलगा पत्र लिहितो.' मुलाच्या जागी मुलगी आली की 'लिहितो'चं 'लिहिते' होतं, म्हणजे क्रियापद कर्त्याचं ऐकतं. मग त्या दोघांत दोरी बांधायची: कर्तरी. 'मुलीने पत्र लिहिले.' मुलीच्या जागी मुलगा आणला तरी 'लिहिले' हलत नाही. पत्राच्या जागी चिठ्ठी आणली की लगेच 'लिहिली'. म्हणजे दोरी कर्माला: कर्मणी. 'बहिणीने भावाला उठवले.' आता भावाने बहिणीला उठवलं तरी 'उठवले'च. क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, दोरी खाली: भावे. वर्ग नुसता उसळला होता!

मंगळवारी विभक्तीच्या प्रत्ययांच्या कागदी टोप्या. बुधवारी विरामचिन्हांची चाल: धडा वाचत वर्गभर चालायचं, स्वल्पविरामाला क्षणभर थबकायचं, पूर्णविरामाला थांबायचं. गुरुवारी पिशवीत हात घालून वस्तू न बघता तिची विशेषणं सांगायची. शुक्रवारी पुन्हा दोरी, त्यात टोप्याही. शेजारच्या तुकडीच्या बाई दोनदा दारात येऊन बघून गेल्या. मी अगदी हवेत होतो.

शनिवारी मी ऐटीत विचारलं, "बोला, सोमवारी आपण काय शिकलो?"

"दोरी!" सगळा वर्ग ओरडला.

"शाब्बास! आणि दोरीनं काय कळलं?"

"म्याऊ पडली, सर!"

म्याऊ म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. तिचा आवाज इतका बारीक की पोरांनी तिचं तेच नाव ठेवलंय. सोमवारी ती क्रियापद झाली होती आणि दोरीत पाय अडकून खरंच पडली होती. मी फळ्यावर साधं वाक्य लिहिलं आणि प्रयोग विचारला. एक हात वर नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सर, दोरी द्या ना, मग सांगतो."

पालथ्या घड्यावर पाणी! मला पोरांचा राग आला, मग स्वतःचा आला आणि मी "गप्प बसा" म्हणून उगाच ओरडलो. त्यांची काहीच चूक नव्हती.

घरी ताईला सगळं सांगितलं. ती टॉवेल वाळत घालत होती.

"किती दिवसांत किती गमती केल्यास?"

"पाच दिवसांत चार."

"अति तिथं माती. अरे मास्तर, मी नवशिक्यांच्या कमरेला फुगा बांधते ना, तेव्हा तो कधी सोडायचा ते पहिल्याच दिवशी ठरवते. रोज थोडी थोडी हवा काढते. नाही तर लेकरं फुगाच शिकतात, पोहणं नाही. तुझ्या दोरीची हवा कधी काढणार होतास?"

मी पळत जाऊन वही चाळली. माझ्या वहीत कल्पना काढून घेण्याची एकही ओळ नव्हती! मला त्या क्षणी ताईच्या पाया पडावंसं वाटलं, पण तिच्या हातात ओला टॉवेल होता, म्हणून लांबूनच नमस्कार केला.

सोमवारी टोप्या, पिशवी सगळं बाजूला. फक्त दोरी. पण या वेळी दोरी बांधायच्या आधी प्रत्येकानं वहीत लिहायचं, क्रियापद कुणाचं ऐकेल? मग शब्द बदलून बघायचं. ज्यांचं चुकलं ती पोरं "असं कसं?" म्हणून भांडायला उठली आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. मंगळवारी दोरी टेबलावर, हात लावायचा नाही, नुसती बघायची. बुधवारी दोरी कपाटात, बाकावर बोटानं ओढायची. गुरुवारी पोरांनीच वाक्यं तयार करून एकमेकांना कोंडीत पकडायचं. सगळ्यात अवघड वाक्यं म्याऊनं केली. वाचून दाखवली मात्र शेजारणीनं.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई वही घेऊन खुर्चीत बसल्या. मी खिडकीशी उभा. पहिली आठ वाक्यं बरोबर आली. नवव्याला एक मुलगा अडखळला, कर्मणीच्या जागी कर्तरी म्हणाला. बाईंनी वहीत फुली मारली आणि मान वर केली.

"शेवटच्या बाकावरची. 'आजीने नातवाला हसवले.'"

म्याऊ उभी राहिली. मग तिचं बोट बाकावर डावीकडे सरकलं. ओठ हलले, आजीच्या जागी आजोबा आणले असणार. बोट परत आलं. उजवीकडे गेलं, नातवाच्या जागी नात. पुन्हा परत आलं. तिनं मूठ उघडली.

"भावे," ती म्हणाली. "कुणाचंच ऐकत नाही."

"बोटानं काय करत होतीस?"

"दोरी ओढत होते."

बाईंनी बाकावर, बाकाखाली बघितलं. "इथे दोरी कुठाय?"

"आहे की!" म्याऊ इतक्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या बाकावरची पोरं वळून बघायला लागली.

मोठ्या बाई हसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच वर्गात हसताना बघत होतो. वही मिटून त्या म्हणाल्या, "तास तुमच्याकडेच राहू दे, सर. आणि ती खरी दोरी असेल तर मला आठवीसाठी द्या."

मी बोलायच्या आतच म्याऊनं कपाटाकडे बोट दाखवलं.

"खुशाल न्या, बाई. आम्हाला आता लागत नाही."