निळ्या रंगाची मागणी

चित्रकलेच्या बाई विनोदिनी बारापात्रेंनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, ते काही पहिल्यांदा नव्हे. पहिलं कुठल्याशा फायलीत गडप झालं. दुसऱ्यावर ‘देखेंगे’ असा शेरा आला आणि मग कोणीच काही पाहिलं नाही. या फेब्रुवारीत, पुढच्या वर्षाचं बजेट तयार होत असताना, त्यांनी कंबर कसून तिसरं लिहिलं. चित्रकलेच्या खोलीसाठी कागद, पोस्टर कलर, ब्रश, पाण्याचे मग, रंग मिसळायच्या थाळ्या आणि कुलपाचं एक कपाट. मुलं किती, तास किती, त्याला सामान किती, सगळं मांडून दोन दुकानांची कोटेशनं जोडली. शाळेचा कारभार हिंदीत, म्हणून पत्रही हिंदीत. शेवटची ओळ मात्र त्यांनी जरा दात ओठ खाऊनच लिहिली: ‘बच्चे हर साल गतिविधि शुल्क देते हैं. चित्रकला गतिविधि है या नहीं, इतना ही बता दिया जाए.’

पत्र ऑफिसात दिलं, आवक नंबर टाकून घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. दोनदा हात पोळले होते, आता त्या फसणार नव्हत्या.

शाळा रायपुरात, उरल्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शहर राजधानी झाल्यापासून त्या रस्त्याला ट्रकांची अशी रीघ लागली, की तिसऱ्या तासाला शिकवताना घसा फाडावा लागे. शाळा चालवणारं मंडळ मराठी, मुलं मात्र सगळीकडची. बहुतेकांचे बाप लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करणारे. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर दुपारी मिलच्या धुराची काळी भुकटी साचायची. मागच्या वर्षी रंग नव्हते, म्हणून बाईंनी मुलांकडून तीच भुकटी गोळा करवली आणि डिंकाच्या पाण्यात कालवली. गेरू, हळद, पळसाची फुलं, पाल्याचा रस असं काय काय जमवलं आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर चित्रं काढून घेतली. प्रदर्शन झालं. पेपरात फोटो आला. बाईंची छाती फुगली. आपण काय करून बसलो हे तेव्हा त्यांना कळलं नाही.

कळलं ते मुख्याध्यापक दिवाकर देशकर यांच्या केबिनमध्ये. सर माणूस वाईट नव्हते. मंडळापुढे पैशाची गोष्ट काढायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा, एवढंच.

“बारापात्रे मॅडम, मागच्या साली तुम्ही एक रुपया न घेता एवढं करून दाखवलं. आता पैसे काहून पायजेत?”

“सर, तो नाइलाज होता. रोजची सोय नव्हती ती.”

“पण कमिटी तर खूश होऊन राहिली न! शनिवारी बजेटची मीटिंग आहे. त्याच्या आधी सगळे तुमची खोली पाहायले येतात. तेच भुकटीवालं प्रदर्शन पुन्हा लावा. बाकी नंतर पाहू.”

टेबलावर बाईंचं पत्र पडलेलं होतं. कोपऱ्यात सरांच्या अक्षरात शेरा होता: ‘सामग्री स्थानीय स्तर पर उपलब्ध. बजट आवश्यक नहीं.’ बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच जुगाडाची काठी आपल्याच पाठीत बसली होती. हे बजेट हातचं गेलं की पुढचं अख्खं वर्ष गेलं, आणि मग कायमचंच गेलं. कारण एकदा ‘आवश्यक नहीं’ ठरलं की ते पुसायला कोण येतो?

“हे पत्र मीटिंगमध्ये जाईल न, सर?”

“पाहू न.”

खोलीत परत आल्या तर सहावीचा वर्ग बसलेला. मागच्या वर्षी भुकटीचा हात डोळ्याला लागून एका पोरीचा डोळा दोन दिवस सुजला होता, ते त्यांना आत्ता आठवलं आणि स्वतःचीच चीड आली. पहिल्या बाकावरची शर्मिष्ठा कागद उलटसुलट करत होती. यंदाही रंग नव्हतेच; तिच्या चित्रातलं आभाळ हळदीचं होतं.

“मॅडम, आसमान को नीला कब करेंगे?”

खरंच की. काळा होता, तांबडा होता, पिवळा, हिरवा होता. वर्षभर या मुलांनी निळं काही रंगवलंच नव्हतं. स्टाफरूममध्ये बाई हे बोलल्या तर गणिताच्या सुजाता मॅडम म्हणाल्या, “अवं, मग कपड्याची नीळ आणा न! दोन रुपयांत काम.”

“नाही आणत,” बाई म्हणाल्या. “नीळ कपड्यांना. पोरांना रंग पायजे. एक जुगाड अजून केला, तर पुढच्या साली खडूही घरून आणायले सांगतील मले.”

शनिवारी कमिटी आली. पुढे मंडळाचे सचिव चारुदत्त भागडीकर, रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. मागे दोन सदस्य, आणि त्यांच्या मागे देशकर सर, चेहऱ्यावर हसू चिकटवलेलं. खोलीत एकही चित्र लावलेलं नव्हतं. बाकांवर उत्तरपत्रिकांचे कागद, करवंट्यांत काळं पाणी, गेरू आणि हळद, आणि चौघांत मिळून एक ब्रश, तोही केस झडलेला.

“प्रदर्शनी कुठं आहे, मॅडम?” सरांचं हसू गळालं.

“आज प्रदर्शनी नाही, सर. आज तुमचा तास आहे. बसा.” बाई भागडीकरांकडे वळल्या. “साहेब, रायपूरचं आभाळ काढा. दहा मिनिटं. पोट्टे असंच काढतात.”

साहेबांना गंमत वाटली. बसले. बाकीचेही कानकोंडे होऊन बसले. ब्रश फिरत फिरत साहेबांकडे येईपर्यंत वेळ गेला. आला तेव्हा त्यातून काळ्या पाण्याचा थेंब थेट पांढऱ्या शर्टावर उतरला.

“निळा कुठं आहे?” साहेबांनी करवंट्या धुंडाळल्या.

“नाही.”

“नाही म्हणजे? आभाळ काढायले सांगून राहिल्या न तुम्ही!”

“वर्षभर पोट्टे मले हेच विचारून राहिले, साहेब.”

भागडीकर जरा चिडलेच. त्यांनी खिशातला निळा पेन काढला आणि कागदाच्या वरच्या बाजूला रेघा ओढायला सुरुवात केली. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, काम अडलं की हाताशी असेल त्याने निभावायची सवय अंगात मुरलेली.

बाईंनी तो पेन त्यांच्या बोटांतून हळूच काढून घेतला.

सचिवाच्या हातून पेन काढून घेणारी मास्तरीण देशकर सरांनी नोकरीत पाहिली नव्हती.

“पेनानं नाही, साहेब. मुलांना तशी मुभा नाही.” बाईंनी शिक्क्याची प्रत बाकावर ठेवली. “निळा रंग या पत्रात आहे. आवक नंबर घातलेला आहे. मीटिंगच्या फायलीत ते नसेल, तर ही प्रत घ्या.”

साहेबांनी वाचलं. सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग मान वर करून म्हणाले, “देशकर, हे गतिविधि शुल्क कुठं जातं आपलं?”

“सर, ते… गॅदरिंगचा मंडप… पाहुण्यांची कमान…”

“ती कमानही मीच रंगवते,” बाई म्हणाल्या. “या साली नाही रंगवणार. मंडपाचा पडदाही नाही, बोर्डही नाही. मले काढायचं असलं तर काढा. पण या खोलीत आता धूळ कालवणार नाही.”

एक सदस्य घसा खाकरून म्हणाला, “या साली अर्धे मंजूर करू, बाकी पुढच्या…”

“अर्धं आभाळ काढता का?” बाईंनी विचारलं.

भागडीकरांनी आपल्या शर्टावरचा काळा डाग पाहिला. तो बोटानं पुसायला गेले, तर आणखी पसरला. मग त्यांनी बाईंपुढे हात केला.

“पेन द्या.”

“आभाळाला?”

“सहीले द्या, बाई! ठराव मीटिंगमध्ये होईल, पण माझी शिफारस आत्ताच घ्या. पुऱ्या रकमेची.”

बाईंनी पेन दिला, पण प्रत सोडली नाही. सही होईपर्यंत कागदाचं दुसरं टोक त्यांनी हातात घट्ट धरून ठेवलं होतं.