हाताशी असू दे

लग्नानंतर पंधराच दिवसांत तिने वर्षाचा आराखडा बसवला होता. बँकेच्या कर्ज विभागात ती काम करायची, त्यामुळे हे खातं तिचंच, असं नवऱ्याने हसत हसत मान्य केलं होतं. दोघांचा पगार मिळून एक लाख दहा हजार. त्यातून घराचा हप्ता छत्तीस, गाडीचा नऊ, घरखर्चाला तीस, पेट्रोल आणि विमा धरून सहा. पंचवीस हजार अडीअडचणीसाठी बाजूला आणि उरलेल्या चारांत काय ती चैन.

सहा महिन्यांत दीड लाख साठले आणि तिचे हात शिवशिवायला लागले. एवढे पैसे बचत खात्यात नुसते लोळताहेत आणि तिकडे कर्जाचं व्याज साडेआठ टक्के!

"थोडे हाताशी असू दे ना," नवरा म्हणाला.

"तुला हिशेबातलं काय कळतं?" असं म्हणून तिने सगळी रक्कम कर्जात भरून टाकली. वीस वर्षांतली पावणेदोन वर्षं कमी झाली, हिशेब चोख होता. फक्त महिन्याचा हप्ता होता तेवढाच राहिला, आणि भरलेला पैसा परत मागता येत नव्हता. समोर बसलेल्या कर्जदारांना हेच ती रोज बजावायची, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

नवव्या महिन्यात नवऱ्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला.

आता तो बोलेल, मग बोलेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. तो मात्र अर्ज करायचा, मुलाखतींना जायचा, ती यायच्या आत कुकर लावायचा. तिला ना राग येत होता ना रडू. ऑफिसात शिक्के मारायचे, घरी येऊन जेवायचं, झोपायचं. जेवणाला चव आहे की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं.

कर्जात भरणा केल्यानंतर साठलेले पन्नास हजार दोन महिन्यांत संपले. घर वाचवायचं तर गाडी जायलाच हवी होती. तिच्या एकटीच्या बावन्न हजारांत दुसरं काही बसतच नव्हतं. गाडी गेली, घरखर्च बावीसवर आणला, तरी महिन्याला सहा हजार कमीच पडणार होते.

शनिवारी जुन्या गाड्यांचा दलाल आला. बॉनेटवर टिचक्या मारून त्याने रंगाला नावं ठेवली, भाव पाडला. गाडीचं कर्ज फिटून नव्वद हजार उरले. नवऱ्याने किल्ल्या दिल्या, सह्या केल्या आणि जिना चढून वर आला. तिच्यासमोर बसून त्याने मोबाइलवर खात्यातली शिल्लक दाखवली.

"हे कुठे ठेवायचे, मॅडम?" त्याने नेहमीच्या आवाजात विचारलं. "तू सांगशील तसं."

त्याच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून तिने चेहरा निरखून पाहिला. टोमणा नव्हताच. तो खरंच विचारत होता.

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.