नावाड्याची कुजबुज

आम्ही बनवत असलेल्या व्हिडिओ गेममधल्या नावाड्याला बाबांचा आवाज आहे. घशाच्या ऑपरेशनआधी दोन दिवसांत आम्ही त्याच्या सगळ्या ओळी रेकॉर्ड करून उरकल्या. ऑपरेशननंतर आवाज परतणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

स्क्रिप्टच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला स्वतंत्र रकाने: क्रमांक, प्रसंग, पात्र, कुणाशी, कसं म्हणायचं. त्यावरूनच फाइलचं नाव: पात्र, प्रसंग, ओळ आणि टेक, म्हणजे ती कितव्यांदा म्हटली. तरी बाबा प्रत्येक वेळी आधी आपल्या साध्या आवाजात सांगायचे, "ओळ बेचाळीस, टेक दोन." तीस वर्षं रेडिओवर काढलेला माणूस. माझा राग तर नाकावरच असतो. फाइलवर लिहिलेलं तोंडाने कशाला, म्हणून मी वैतागले.

"फाइलचं नाव कुणीही बदलेल," ते म्हणाले. "आवाजात सांगितलेलं राहतं."

ऑपरेशन झाल्यावर मी त्या ओळ-टेकच्या घोषणा कापल्या आणि शहाणपणा केला. दोन दिवसांची आवाजाची पातळी वेगळी होती, म्हणून प्रत्येक फाइल सुटी सुटी एकाच पातळीवर आणली. परिणाम असा, की वादळातली हाक आणि झोपलेल्या मुलापाशी केलेली कुजबुज सारख्याच जोराने ऐकू येऊ लागली. कुजबुजीत खुर्चीची करकरसुद्धा वर आली.

गेमच्या दिग्दर्शिकेने ऐकून सांगितलं, नावाडी पोरावर खेकसतोय. उद्यापर्यंत जमलं नाही तर सगळी भूमिका दुसऱ्या नटाकडून करून घ्यावी लागेल. मी कपाळाला हात लावला. बाबांचं शेवटचं काम माझ्या हाताने पुसलं जाणार होतं.

मूळ रेकॉर्डिंग उघडलं. ओळी कुठे हळू, कुठे मोठ्या, दोन दिवसांतला फरक मोजायचा कशाने? मग त्या घोषणा ऐकल्या. हाकेआधी, कुजबुजीआधी, दोन्ही दिवशी, बाबांचा तोच जोर. फक्त दुसऱ्या दिवशीच्या थोड्या बारीक येत होत्या. माइकची पातळी मीच कमी ठेवली होती. दोन्ही दिवसांच्या घोषणा मोजल्या, फरक साडेचार डेसिबल निघाला. दुसऱ्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग तेवढंच वर घेतलं, आतल्या चढउताराला हात लावला नाही. कुजबुज कुजबुजच राहिली.

बाबांना हेडफोन लावून दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'पोर झोपलं.' दिग्दर्शिकेनेही लगेच होकार कळवला. माझा जीव भांड्यात पडला.

पाठवायच्या फाइलींत घोषणा चालत नाहीत. पुन्हा एकेक कापताना लक्षात आलं, बाकी सगळा आवाज नावाड्याचा आहे. बाबांचा स्वतःचा एवढाच उरलाय. मग मला रडू आवरलं नाही.

तीनशे बारा तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. तक्त्यात त्यांच्यासाठी नव्या ओळी उघडल्या. पात्र: बाबा. कुणाशी: माझ्याशी. कसं म्हणायचं: नेहमीसारखं.