बाहेरची चिप

मंगळवारी बाबा नांदेडहून आले, तेव्हा मी त्यांना रिसेप्शनवर थांबवून ठेवलं. इतर पुरवठादारांना थांबवते, तसंच. ही त्यांचीच अट होती.

लातूरच्या ज्या नीट परीक्षेच्या क्लासमध्ये मी काम करते, तिथं मी लागण्याआधीपासून बाबा प्रिंटरची कार्ट्रिज भरून देत होते. इथं जागा निघाल्याचं मला त्यांनीच सांगितलं. छपाईचं काम माझ्याकडे आल्यावर मात्र ते म्हणाले, "पोरगी घेती अन् बाप विकतो, असं कुणी म्हणायला नको. तिथं मी तुला मॅडम म्हणीन. तू मला मामा म्हण, समदेच म्हणतेत." लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं होतं. कुणाला कधी शंका आली नाही.

"मॅडम, येऊ का आत?"

"या मामा."

रिसेप्शनवरची करिश्मा हसली. "मामा, तुम्ही मॅडमना एवढं का घाबरता हो?"

"लई कडक हायेत," बाबा म्हणाले. "घरी काय करत असतील देव जाणे. न्हाई, आम्ही देव मानत न्हाई, पण तरी."

मी फाइलीत तोंड घातलं.

आतल्या खोलीत तीन प्रिंटर आहेत. दर रविवारच्या टेस्टचे पेपर त्यांच्यावर निघतात. ते नेटला जोडलेले नाहीत, वायरीनं फक्त एका कॉम्प्युटरला जोडलेत. बाबांनी तिन्हींची कार्ट्रिज बदलली, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी लावली, एकेक कोरा कागद काढून उजेडात धरून पाहिला. मग बाहेर आले आणि रिसेप्शनवरच्या प्रिंटरसमोर उभे राहिले. तो वायफायवर असतो. पोरं मोबाइलवरून त्याच्यावर हॉलतिकिटं काढतात. त्याच्या छोट्या पडद्यावर नवीन अपडेट आल्याची सूचना होती.

"हे कधीपासून दिसून राहिलंय?"

"चार दिवस झाले," करिश्मा म्हणाली. "मी 'नंतर' दाबत राहते. हो म्हणू का?"

"थांब माय. काय घेऊन आलंय ते तर बघू."

कंपनीच्या साइटवर त्या अपडेटची माहिती होती. मी वाचत गेले, बाबा माझ्या खुर्चीमागे उभे. पहिला मुद्दा सुरक्षेचा: जुन्या प्रणालीत एक भोक सापडलं होतं, नेटवर्कवरून कुणी प्रिंटरमध्ये शिरू शकलं असतं. खाली बारीक अक्षरात दुसरा: ज्या कार्ट्रिजवर कंपनीची चिप नाही, ती यानंतर चालणार नाहीत. कंपनीची मूळ चिप असलेली, पुन्हा भरलेली चालतील.

"मागं फिरता येतं का, ते बघा मॅडम."

नव्हतं येत. एकदा घातलं की जुनं परत बसत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं.

आतल्या मशीनची कार्ट्रिज मूळ कंपनीची होती, बाबा फक्त शाईची पावडर भरत. रिसेप्शनवरच्याची मूळ डबी मात्र कुणीतरी कचऱ्यात टाकली होती. म्हणून बाबांनी तिथं बाजारातली दुसरी बसवली होती, बाहेरच्या चिपची. तसं त्यांनी बिलावर लिहूनही दिलं होतं.

मला वाटलं, आता ते म्हणतील, नका घालू. घातलं असतं तर त्या मशीनवरचा त्यांचा धंदा संपणार होता.

"आतल्या तिघांना हात लावू नका," ते म्हणाले. "नेटवर न्हाईत, काही बिघडलं न्हाई, मग कशाला छेडायचं? कॉम्प्युटरवर कंपनीचा प्रोग्राम विचारंल, तिथं बी आपोआप अपडेट बंद ठेवा. पण ह्याला घाला. दिवसभर पन्नास पोरांचे मोबाइल जोडतेत ह्याला. दार उघडं ठेवून बसल्यासारखं हाय."

"मग तुमचं कार्ट्रिज, मामा?" करिश्मानं विचारलं.

"ते जाईल. आधी कंपनीचं एक विकत आणून कपाटात ठेवा. मग रविवारची टेस्ट होऊ द्या. सोमवारी निवांत घाला. कामाच्या आदल्या दिवशी न्हाई, अन् हाताशी दुसरं नसताना तर न्हाईच."

त्यांना सोडायला मी गेटपर्यंत गेले. गेटच्या बाहेर ते 'माया' म्हणत. माझं नाव महामाया, पण एवढं मोठं नाव त्यांनी फक्त शाळेच्या दाखल्यावर वापरलं. त्यांनी आईनं दिलेला डबा काढला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि मला आवडते म्हणून अंबाडीची भाजी.

"जेवून घे. तोंड उतरलंय."

"तुम्ही जेवलात?"

"अहमदपूरला गाडी थांबली तवा खाल्लं." शर्टाच्या बाहीला काळी पावडर लागली होती. मी झटकायला हात पुढे केला, तर ते मागे सरले. "ऱ्हाऊ दे. तुझा ड्रेस खराब होईल. अन् ओल्या हातानं पुसू नको कधी, बसते ती."

ते रिक्षात बसले. मी वर आले, काम केलं, डबा खाल्ला. भाजीत मीठ जरा जास्त होतं, ते आईला सांगायचं असं मनात ठेवलं.

बुधवारी सकाळी आईचा फोन आला. बाबा दुकान उघडायला नांदेडमध्येच वजिराबादला गेले होते. शटर अर्धं वर गेलं, तिथंच बसले. शेजारच्या दुकानदारानं दवाखान्यात नेलं, पण ते गेले. न्यायला उशीर झाला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. काहीच करता आलं नसतं. हे वाक्य लोक दिलासा म्हणून सांगतात. त्यातून दिलासा कसा काढायचा, ते मला अजून जमलेलं नाही.

वडील वारले, एवढंच मी क्लासला कळवलं. नांदेडला गेले. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, माणसं आली नि गेली. आई, पंचफुला, एका जागी बसून असायची. मधूनच उठून बाबांचे शर्ट घडी करायची, त्या घड्या मोडून पुन्हा करायची. निघताना तिनं त्यांचा मोबाइल माझ्या हाती दिला. "बँकेचे मेसेज येतेत. मला वाचता येत न्हाईत. तू ठेव."

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी लातूरला परतले, त्या सकाळी रिसेप्शनवर गर्दी होती. पोरं हॉलतिकिटासाठी उभी, करिश्मा रडवेली, आणि आमचे व्यवस्थापक सुदर्शन सर प्रिंटरवर वाकलेले.

"आलात मॅडम? वाईट झालं," ते आधी म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले. मग प्रिंटरकडे बोट केलं. "हे बघा. कालपासून बंद. बंद-चालू केलं, सगळं पुसून पहिल्यासारखं केलं, काही होत नाही."

पडद्यावर लिहिलं होतं: कंपनीबाहेरची चिप आढळली. छपाई थांबवली आहे.

"मी 'हो' दाबलं मॅडम," करिश्मा हळूच म्हणाली. "सर म्हणाले सुरक्षेचं आहे, घालून टाक. मला मामांचं आठवलं, पण कपाटात नवीन आणलंय का, ते बघायचं राहिलं."

आणलेलं नव्हतं. ते बुधवारी मी आणणार होते.

मी झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर काढलं. बाजूला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. हातात ते चांगलं जड लागलं. पावडर अर्धीसुद्धा संपली नव्हती. काही बिघडलेलं नव्हतं त्यात. फक्त आता त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"बोगस माल दिला त्या नांदेडच्या माणसानं," सुदर्शन सर म्हणाले. "आणि आता फोन उचलत नाही. थांबा, परत लावतो."

त्यांनी ऑफिसच्या फोनवरून नंबर लावला. माझ्या पर्समध्ये बाबांचा मोबाइल थरथरू लागला. आवाज मी बंद करून ठेवला होता. मी पर्समध्ये पाहिलं. पडद्यावर नाव आलं होतं: 'मायाचं ऑफिस'. तो थांबेपर्यंत मी पर्सची चेन धरून उभी राहिले.

"बघितलंत? अंगावर आलं की सगळे असेच," सर म्हणाले. "आता एक करा. त्याची सगळी कार्ट्रिज फेकून द्या. आतले तिन्ही प्रिंटर वायफायवर घ्या, अपडेट मारा, सगळं एकसारखं होऊ दे. परवा टेस्ट आहे."

"आतल्यांना नको, सर."

"का?"

"ते नेटवर नाहीत, म्हणून त्यांना तो धोका नाही. अपडेट घालायचं म्हणून त्यांना नेटवर आणणं उलटंच होईल. त्यांच्यात मूळ चिप आहे, बहुतेक चालतील, पण परवा पेपर काढायचेत. चुकून अडलं तर मागे जाता येत नाही. मी आता बाजारातून याच्यासाठी कंपनीचं कार्ट्रिज आणते. हे तासाभरात सुरू होईल."

"म्हणजे हे अपडेट चूकच होतं ना? मग त्यानं आधी का नाही सांगितलं?"

"चूक नव्हतं. याला घालायलाच हवं होतं. फक्त कार्ट्रिज आणून, टेस्ट झाल्यावर."

सर हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, कंटाळा होता. "हे तुम्ही त्या मामाचंच बोलताय. अहो, त्याचं पोट त्यावर. तो अपडेट घालू नका असंच सांगणार. आपला माल खपावा म्हणून ही माणसं काहीही पढवतात."

"सर, मामा घाला म्हणाले होते," करिश्मा म्हणाली. "माझ्यासमोर. माझं कार्ट्रिज जाईल म्हणाले, तरी घाला म्हणाले."

"मग पळाला कशाला?"

करिश्मानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला पावडर लागली होती. मला वाटलं, अट त्यांनी घातली होती, मोडायची परवानगी आता कुणाला विचारू? आणि मग वाटलं, ती अट त्यांनी कुणी बोट दाखवू नये म्हणून घातली होती. आता बोट दाखवलं जात होतं आणि उत्तर द्यायला ते नव्हते.

"ते पळाले नाहीत, सर," मी म्हणाले. "मी ज्यांच्यासाठी रजेवर होते, ते हेच. निवृत्ती गजभारे. ते माझे बाबा होते."